डब्याच्या धंद्याचा बाजार केवढा?

पुण्यात शिकायला आलेल्या मुलांना घरगुती स्वयंपाक करणाऱ्या काकूंशी जोडून द्यायचं आणि डब्यामागे दहा टक्के कमिशन घ्यायचं, ही एमबीएच्या प्रकल्पात नेहमी दिसणारी कल्पना. अहवालात बाजाराचे तीन आकडे मागतात: एकूण, आवाक्यातला आणि हाती येणारा. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना टॅम, सॅम आणि सॉम म्हणतात.

हिशोबासाठी धरू, की शहरात घरापासून दूर राहणारे दोन लाख विद्यार्थी आहेत. महिन्याचा डबा तीन हजार, वर्षाचे दहा महिने. म्हणजे सहाशे कोटी. बहुतेक अहवालांत हाच आकडा ठळक छापलेला असतो आणि पहिली चूक तिथेच होते. हे पैसे काकूंचे आहेत. कंपनीचा वाटा दहा टक्के, म्हणजे एका विद्यार्थ्यामागे वर्षाला तीन हजार. म्हणून एकूण बाजार साठ कोटींचा.

आता आवाक्यातला. सुरुवात कोथरूड, कर्वेनगर, वारजे एवढ्याच भागात करायची आहे. तिथे पंधरा हजार विद्यार्थी धरले, त्यांतले साठ टक्के शाकाहारी आणि त्यांतल्या निम्म्यांना वसतिगृहाची मेस नाही, तर उरतात साडेचार हजार. बाजार एक कोटी पस्तीस लाखांवर आला. अहवालात यातल्या प्रत्येक गाळणीपुढे आकडा कुठून आणला ते लिहावं लागतं: कॉलेजांची प्रवेशसंख्या, वसतिगृहांच्या खाटा, स्वतः केलेली पाहणी. पाहणीत ‘आमचा डबा घ्याल का?’ असं विचारलं, तर भिडेखातर सगळे हो म्हणतात. ‘सध्या कुठे जेवता आणि महिन्याला किती देता?’ याचं उत्तर जास्त भरवशाचं.

हाती येणारा बाजार काढताना ‘एक टक्का तरी मिळेलच’ असं लिहायचा मोह होतो. पण त्या एक टक्क्याला आधार काय? हा आकडा खालून वर बांधायचा असतो. पहिल्या वर्षी सरासरी आठ काकू आणि प्रत्येकीच्या ओट्यावर जास्तीचे पंधरा डबे, म्हणजे एकशे वीस विद्यार्थी. कमिशन तीन लाख साठ हजार. हे आवाक्यातल्या बाजाराच्या तीन टक्क्यांहूनही कमी, म्हणून मागणी अडणार नाही. अडणार आहे ती स्वयंपाकाची क्षमता.

आता हा आकडा खर्चाशेजारी ठेवू. जेवणाच्या वेळेत एक मुलगा चाळीस डबे पोचवतो असं धरलं, तर तिघे लागतील. प्रत्येकी महिना पंधरा हजार दिले, तरी दहा महिन्यांचे साडेचार लाख होतात, म्हणजे कमिशनपेक्षा नव्वद हजार जास्त. साठ कोटींच्या बाजारात हा तोटा दिसतच नव्हता. आता अहवालात पोचवण्याचे वेगळे पैसे घ्यायचे, की एकाच गल्लीतल्या इमारती धरून मुलांची संख्या कमी करायची, हे ठरवून लिहावं लागेल.