‘सत्र’ म्हणजे नेमके काय?

पुण्यात हिंजवडी-वाकडच्या बाजूला शाळा उघडायच्या सुमारास कार्यालयाच्या खिडकीशी एक प्रश्न हमखास येतो : ‘फॉर्म इंग्रजीत मिळेल का?’ विचारणारे चेन्नईहून, कोलकात्याहून, भुवनेश्वरहून नोकरीसाठी आलेले असतात. मग एखाद्या शिक्षिकेवर भाषांतराचे काम पडते. अवघड शब्द शब्दकोशात सापडतात. घोळ होतो तो रोजच्या, सोप्या वाटणाऱ्या शब्दांत.

पहिलाच रकाना घ्या. आडनाव, विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव हा आपला क्रम. तमिळ कुटुंबांत मात्र बहुधा आडनाव नसतेच. मुलगा कार्तिक आणि वडील रामनाथन असतील, तर मुलाचे नाव ‘आर. कार्तिक’. ‘सरनेम’पुढे मग कुणी वडिलांचे नाव लिहितो, कुणी नुसते ‘आर’, कुणी रकाना कोरा सोडतो. जे लिहिले जाते ते जनरल रजिस्टरला चढते, तिथून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि राज्य मंडळाची शाळा असेल तर पुढे दहावीच्या गुणपत्रिकेवर जाते. तिथे आडनाव आधी छापतात. म्हणून इंग्रजी फॉर्मवर रकान्याखाली एक जादा ओळ हवीच : नाव जन्मदाखल्यावर आहे तसे लिहा, आडनाव नसेल तर लिहिण्यापूर्वी कार्यालयात विचारा. मूळ मराठी फॉर्मवर ही ओळ नसते, कारण इथल्या पालकाला तिची गरज पडत नाही.

दाखल्याचेही तसेच. आपण सरळ ‘लीव्हिंग सर्टिफिकेट’ लिहितो. पण तमिळनाडू, केरळ, कर्नाटकात एसएसएलसी म्हणजे दहावी, आणि त्या नावातच ‘लीव्हिंग सर्टिफिकेट’ हे शब्द आहेत. तिसरीतल्या मुलीचा बाप गोंधळणारच. सोबत ‘ट्रान्सफर सर्टिफिकेट’ लिहिले की त्याला लगेच कळते. जुन्या शाळेकडून तो यायला उशीर झाला, तरी आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश त्यासाठी अडवता येत नाही. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात तशी तरतूद आहे, आणि परगावाहून आलेल्या पालकाला ती इंग्रजीत वाचायला मिळायला हवी.

खरी कसोटी शुल्काच्या नियमांत लागते. नेहमीचे एक वाक्य पाहू : ‘प्रथम सत्राचे शुल्क 10 जुलैच्या आत भरावे. अनामत रक्कम वगळता कोणतेही शुल्क परत मिळणार नाही.’

‘सत्रा’साठी ‘सेशन’ लिहावे, तर उत्तर भारतात सेशन म्हणजे अख्खे शैक्षणिक वर्ष. ‘टर्म फी’ लिहावे, तर महाराष्ट्रात टर्म फी हा ट्यूशन फीहून वेगळा, स्वतंत्र आकार आहे. तेव्हा ‘जूनपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतच्या सहामाहीची फी’ असे उलगडून लिहिणे बरे. ‘10 जुलैच्या आत’मध्ये दहा तारीख धरायची की नाही, हे भाषांतर करणाऱ्याने स्वतः ठरवू नये, लिपिकाला विचारावे. ‘भरावे’ हा मराठीत आदेश आहे. इंग्रजीत ‘शुड’ लिहिले की तो सल्ला होतो. तिथे ‘मस्ट’च हवे. आणि अनामत कधी परत मिळते, शाळा सोडताना की वर्षअखेर, तेही त्याच ओळीत सांगावे.

याच नियमांत पुढे ‘शुल्कास कार्यकारी समितीची मान्यता आहे’ असे येते. याचे नुसते ‘एक्झिक्युटिव्ह कमिटी’ केले, तर वाचणाऱ्याला ती संस्थाचालकांची समिती वाटते. खासगी शाळांच्या शुल्काबाबतच्या 2011च्या राज्य कायद्यानुसार ही समिती पालक-शिक्षक संघाची असते, तिच्यात पालक बसतात, आणि तिने मान्य केलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे कायम राहते. ‘पालक-शिक्षक संघाची’ एवढे शब्द राहिले, तर फीबद्दल विचारायचे कुठे हेच नव्या पालकाला कळत नाही.

परिपत्रक त्या मानाने सोपे, पण ‘सत्र’ तिथेही आडवे येते. ‘शनिवारी शाळा सकाळ सत्रात भरेल’ इथे सत्र म्हणजे पाळी. भाषांतरात सरळ वेळ लिहावी : साडेसातला शाळा भरेल, साडेदहाला सुटेल. ‘पाल्य’साठी ‘वॉर्ड’ न लिहिता ‘युवर चाइल्ड’ लिहावे. या पालकांचीही इंग्रजी ही मातृभाषा नव्हे.

इंग्रजी प्रत छापण्याआधी ती एखाद्या नव्याने आलेल्या पालकाच्या हातात द्या आणि तीन गोष्टी विचारा : किती पैसे भरायचे, कधीपर्यंत, आणि सोबत कोणते कागद आणायचे. तो जिथे अडखळेल, ती ओळ पुन्हा लिहा.