पैठणीचा खरा रंग कोणता?

ऑनलाइन विक्रीसाठी येवल्याच्या एखाद्या दुकानात चाळीस पैठण्यांचे फोटो काढायचे आहेत, असं समजू. सकाळी खिडकीचा उजेड आणि दुपारनंतर एलईडी दिवे. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर असेल तर रंग फिरू लागतात. पोपटी पैठणीने चौकट भरली, की कॅमेऱ्याला उजेडच हिरवट वाटतो आणि तो चित्र गुलाबी-जांभळ्या बाजूला झुकवतो. तीच साडी पांढऱ्या भिंतीसकट टिपली, तर रंग वेगळाच येतो.

इथे ग्रे कार्ड कामी येतं. हा करडा पुठ्ठा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश सारख्याच प्रमाणात परतवतो; नेहमीच्या कार्डात हे प्रमाण सुमारे १८ टक्के असतं. त्यामुळे फोटोत कार्डावर जी छटा दिसेल, ती उजेडाची. साधा पांढरा कागद त्याची जागा घेत नाही, कारण तो जास्त शुभ्र दिसावा म्हणून घातलेली द्रव्यं त्याला निळसर झाक देतात.

फोटो रॉ फाइलमध्ये घ्यावेत. साडी मांडल्यावर कार्ड तिच्याच जागी, तिच्याच उजेडात धरून पहिला फोटो काढायचा. कार्ड चमकत असेल तर किंचित कलतं करायचं. मग कार्ड काढून त्या उजेडातल्या सगळ्या साड्या टिपायच्या. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट बॅलन्सच्या ड्रॉपरने कार्डावर क्लिक केलं, की लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे जवळपास सारखे होतात. हीच सेटिंग त्या गटातल्या सगळ्या फोटोंना लावायची. गट संपताना पुन्हा एकदा कार्ड टिपून ठेवावं. पहिली सेटिंग लावूनही त्यावर आकडे जुळले नाहीत, तर मधल्या वेळात उजेड बदललाय. दिवे लावले, की नवं कार्ड, नवा गट.

एवढं करूनही करडा बरोबर येतो, पण जांभळी पैठणी निळी दिसते. सेन्सर आणि आपला डोळा रंग सारखे पाहत नाहीत, त्याचा हा परिणाम. त्यासाठी २४ चौकोनांचा कलर चेकर असतो. प्रत्येक चौकोनाचा रंग आधीच मोजलेला असल्यामुळे, फोटोत तो किती ढळला ते पाहून सॉफ्टवेअर त्या कॅमेऱ्याचं प्रोफाइल बनवतं. एलईडीखाली बनवलेलं प्रोफाइल खिडकीच्या उजेडाला चालेलच असं नाही. दोन्हींसाठी वेगळं बनवावं.

दोन अडचणी मात्र कार्डाने सुटत नाहीत. एका बाजूने खिडकी आणि दुसऱ्या बाजूने पिवळा बल्ब असेल, तर साडीचा एक काठ निळसर आणि दुसरा पिवळट येतो. तिथे बल्ब बंद करणं हाच उपाय. आणि स्वस्त एलईडीत गडद लाल प्रकाशच कमी असेल, तर कुंकवासारखा लाल मळकट दिसतो. दिव्यातच नसलेला रंग प्रोफाइल पुरता भरून काढू शकत नाही. अशा वेळी ९५ च्या वर सीआरआय असलेला दिवा घ्यावा, किंवा लाल साड्या सकाळच्या गटात टाकाव्यात.