कोल्हापूरला चार दिवस, एकच मुक्काम

आई-वडिलांना देवदर्शनाला न्यायचं म्हटलं की मुलं नकाशा पसरतात आणि चार दिवसांत सात देवस्थानं बसवतात. त्यात थकवा येतो तो देवळांपेक्षा रोज बॅगा भरण्याने, नव्या खोलीत अंधारात बाथरूम शोधण्याने आणि गाडीत तासन्‌तास बसून राहण्याने. म्हणून एका गावी मुक्काम टाकावा आणि दिवसाला एकच दर्शन ठेवावं. याला कोल्हापूर फार सोयीचं आहे.

मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी कोल्हापूरला पोचते. ते शेवटचं स्टेशन असल्यामुळे दोन मिनिटांत सामानासकट उतरण्याची धांदल नसते. तिकीट मात्र विचार करून काढावं. रेल्वेचा ज्येष्ठांसाठीचा खालच्या बर्थचा कोटा एकट्या प्रवाशाला किंवा एका तिकिटावरच्या दोघांनाच मिळतो. पुरुषांना वयाची अट साठ आहे, बायकांना पंचेचाळीस. आई-वडिलांच्या तिकिटावर तुम्ही तिसरे म्हणून चढलात की तो हक्क जातो. दोघांचं तिकीट वेगळं काढा. डबा वेगळा आला तरी चालेल, वडिलांना मधल्या बर्थवर चढावं लागू नये.

हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी बारानंतर मिळते आणि गाडी सकाळीच येते. हे आधी बोलून ठेवा, वेळ पडली तर आदल्या रात्रीचं भाडं द्या. त्या दिवशी अंघोळ, जेवण आणि झोप पुरे. संध्याकाळी रंकाळ्यावर बाकावर बसून यावं.

अंबाबाईचं दर्शन दुसऱ्या दिवशी पहाटे घ्यावं. मंगळवार, शुक्रवार, नवरात्र आणि किरणोत्सवाचे दिवस टाळा. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत पोचतात, ते पाहायला प्रचंड गर्दी लोटते. ऊन चढलं की आवारातली फरशी तापते आणि अनवाणी तळव्यांना ते सोसत नाही. रांग फार मोठी असेल तर लांबूनच मुखदर्शन घ्यावं. आई आधी नाराज होईल, पण तासभर उभं राहून पाय सुजण्यापेक्षा ते बरं.

खरी काळजी पोटाची. दर्शन झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, असा नेम पुष्कळ आयांचा असतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी रांगेत उभं राहिलं तर साखर झपाट्याने उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं विस्कळीत होतं. असं दिसलं की लगेच साखरेचं पाणी किंवा ग्लुकोज द्यावं आणि बसवावं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. उपाशीपोटी गोळी कशी घ्यायची, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठेवा. मनाने डोस बदलू नका.

तिसऱ्या दिवशी नरसोबाची वाडी. कोल्हापूरहून साधारण पन्नास किलोमीटर. वाटेत स्वच्छतागृहासाठी एकदा थांबायचं हे निघतानाच सांगून टाका. सोय होणार नाही या धास्तीने म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत आणि मग गाडीतून उतरताना चक्कर येते. दत्ताचं देऊळ कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर घाटाच्या खालच्या अंगाला आहे, तिथे पायऱ्या उतराव्या लागतात. पावसाळ्यात पुराचं पाणी देवळात शिरतं, त्यामुळे हिवाळा उत्तम. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त जाचतं, म्हणून कठड्याची बाजू धरावी आणि तुम्ही एक पायरी खाली राहून पुढे चालावं. दर्शनानंतर बसायला वेळ द्या. दुपारी महाप्रसाद घेऊन परतावं. बासुंदी आणि कवठाची बर्फी वडिलांपासून लपणार नाही, तेव्हा घासभर आपणच द्यावी.

चौथा दिवस मुद्दाम मोकळा ठेवा. जोतिबाचा डोंगर गाडीने जवळ आहे, पण वाहनतळापासून देवळापर्यंत पायऱ्या उतरून जावं लागतं आणि उधळलेला गुलाल दमेकऱ्यांना त्रास देतो. रविवार तर सोडाच. वाडीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे कसे आहेत ते पाहावं. “ठीक आहे” एवढ्यावर विसंबू नका, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो का ते बघा. एरवी लागत नसेल आणि आज लागला तर जोतिबा रद्द. त्या दिवशी खोलीत पत्ते खेळावेत, शेजारच्या खानावळीत तांबड्या-पांढऱ्या रश्श्याऐवजी साधा वरणभात मागावा.

परतीची गाडी रात्री असते आणि खोली दुपारी सोडावी लागते. नेमके हेच सहा-सात तास बहुतेक लोक विसरतात आणि वयस्कर माणसं स्टेशनच्या बाकावर अवघडून बसतात. अर्ध्या दिवसाचं भाडं देऊन खोली संध्याकाळपर्यंत ठेवून घ्या. बुकिंग करतानाच हे पैसे हिशेबात धरा.