पापणीवरचा पिवळा डाग

नाकाच्या बाजूला, वरच्या पापणीच्या आतल्या कोपऱ्याशी हा डाग बहुधा उगवतो. पिवळसर, मऊ, जेमतेम उचललेला आणि कडा स्पष्ट असलेला. दुखत नाही, खाजत नाही. वर्षा-दोन वर्षांत तो पसरतो, दुसऱ्या डोळ्यावरही त्याचा जोडीदार येतो आणि मग माणूस ‘हे काढून द्या’ म्हणत त्वचातज्ज्ञाकडे किंवा थेट ब्यूटी पार्लरमध्ये जातो. वैद्यकात याला झँथेलाझ्मा म्हणतात. बायोप्सीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्वचेच्या वरच्या थरातल्या केशवाहिन्यांभोवती फुगलेल्या पेशी दिसतात. रक्तातून झिरपलेले एलडीएल कोलेस्टेरॉल गिळून गिळून त्या फेसाळ झालेल्या असतात. हृदयाच्या धमनीत चरबीचा थर साचतो तेव्हा त्यातही अशाच पेशी असतात. डॉक्टरांचे लक्ष या डागाकडे जाते ते या साम्यामुळे.

पण इथेच एक अडचण येते. हा डाग असलेल्या साधारण निम्म्या लोकांचे कोलेस्टेरॉल तपासले, तर ते ठीकच निघते. मग डागाला अर्थ काय?

याचे सर्वांत भक्कम उत्तर डेन्मार्कमधून आले. कोपनहेगन शहरातल्या हृदयविकार पाहणीत १९७६ ते १९७८ या काळात लोकांची तपासणी झाली, तेव्हा पापण्यांवरच्या डागांचीही नोंद ठेवली गेली. हृदयविकार नसलेल्या १२,७४५ जणांपैकी ५६३ जणांना असे डाग होते. त्यानंतर २००९ पर्यंत या सगळ्यांचा मागोवा घेण्यात आला आणि २०११ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. डाग असलेल्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे ४८ टक्क्यांनी जास्त होता. महत्त्वाचे हे, की वय, धूम्रपान, रक्तदाब आणि खुद्द कोलेस्टेरॉलही हिशेबात धरून उरलेला हा फरक होता. म्हणजे रक्ताचा अहवाल चांगला असला, तरी डाग स्वतःहून काही सांगत होता. बुबुळाभोवतीच्या पांढुरक्या कड्याला मात्र असा स्वतंत्र अर्थ सापडला नाही. तो बराचसा वयाचा खेळ. पक्षाघाताचा धोकाही या डागांमुळे वाढलेला दिसला नाही.

संशोधकांचा तर्क असा, की काहींच्या केशवाहिन्या कोलेस्टेरॉल जास्त झिरपू देत असाव्यात किंवा ऊती ते धरून ठेवत असाव्यात; एकदा मोजलेला आकडा ही प्रवृत्ती पकडू शकत नाही. तो तर्कच आहे. शिवाय ही माणसे डेन्मार्कची होती. तेच टक्के पुण्या-नाशिकच्या माणसाला जसेच्या तसे चिकटवू नयेत. पण डाग दिसला की तपासावे, एवढे त्यातून नक्की घ्यावे.

तपासायचे म्हणजे काय, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. बेचाळीस वर्षांची एक बाई. दोन्ही पापण्यांवर डाग, बाकी तक्रार नाही. लिपिड प्रोफाइल आले: एकूण कोलेस्टेरॉल २९२, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १६०. एलडीएल काढायची जुनी रीत अशी: एकूणातून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भागही वजा करायचा. २९२ वजा ४२ वजा ३२, म्हणजे २१८. (ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले, की ही रीत चालत नाही.) एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असले, की आहारावर खापर फोडून थांबता येत नाही.

आधी दुसरी कारणे वगळायची. थायरॉइड मंदावले तर एलडीएल चढते, म्हणून टीएसएच. मग साखर, लघवीतली प्रथिने आणि यकृताच्या तपासण्या. पित्त तुंबवणाऱ्या आजारातही असे डाग येतात. हे सगळे ठीक निघाले, तर प्रश्न घराण्याकडे वळतो. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत झटका आला होता का? टाचेमागची शीर जाड, गाठाळ लागते का? उत्तर ‘हो’ आले, तर आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीची शंका बळावते. या विकारात बहुतेकदा यकृताच्या पेशींवरचे एलडीएल पकडणारे ग्राही सदोष असतात. ते शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. आईवडिलांपैकी एकाला हा विकार असेल, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. म्हणून या बाईबरोबर तिच्या मुलांचेही रक्त तपासावे लागते, त्यांच्या पापण्या स्वच्छ असल्या तरी.

डाग काढता येतो: ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लाने, लेझरने किंवा लहानशा शस्त्रक्रियेने. पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ, त्यामुळे व्रण राहू शकतो, पापणी ओढली जाऊ शकते आणि डाग पुन्हाही येतो. हे आम्ल डोळ्याजवळ लावणे पार्लरचे काम नव्हे. रक्त न तपासता नुसता डाग खरवडणे तर त्याहून वाईट, कारण तपासणीची आठवण करून देणारी खूणच त्यात पुसली जाते.

उलट, गोळ्या सुरू झाल्यावर डाग जात नाही म्हणून काहीजण वैतागून त्या सोडतात. स्टॅटिनने एलडीएल निम्म्यावर आले, तरी जुने डाग बहुधा तसेच राहतात. गोळी लागू पडते की नाही, हे आरशात नव्हे, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा केलेल्या लिपिड प्रोफाइलमध्ये दिसते.