लेकीची तीन मिनिटं

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला हल्ली हॉल घेतात. औक्षण होतं, पुन्हा एकदा हार घातले जातात, केक कापतात. मग सूत्रसंचालन करणारा मामा मुलीच्या हातात माइक देतो आणि म्हणतो, "आता लेक दोन शब्द बोलेल." तोवर जेवणाचा वास सुटलेला असतो. लोक तीन मिनिटं ऐकतात, फार तर चार. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे सगळं मिळून साडेतीनशे.

एवढ्यात पंचवीस वर्षं बसत नाहीत, तरी बहुतेक मुली तीच बसवायला जातात. स्थळ कसं आलं, भाड्याची खोली, पहिली स्कूटर. यातल्या निम्म्या गोष्टी तिच्या जन्माआधीच्या असतात आणि समोर बसलेल्या मावशीला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. पाहुणे गेल्यावर घरात काय चालतं, हे मात्र तिच्याइतकं कोणीच पाहिलेलं नसतं. भाषण तिथून काढावं.

एक वाक्य फार जपून वापरायला हवं, ते म्हणजे "आईनं आयुष्यभर सोसलं." मुलीला कौतुक करायचं असतं, पण पहिल्या रांगेत आजी असते, शेजारी आत्या, आणि खुर्चीत वडील. आईनं सोसलं असेल, तर सोसायला लावलं कोणी, हा प्रश्न हॉलभर फिरतो. ते खरं असेल तर घरी बोलावं, वाटलं तर भांडावंही. माइकवर नको. "आदर्श जोडपं" हाही तसाच निरुपयोगी शब्द. तो कोणत्याही जोडप्याला लागू पडतो.

त्यापेक्षा दोघांच्या स्वभावातला एक फरक घ्यावा, वर्षानुवर्षं पाहिलेला. समजा, वडील एसटी स्टँडवर तासभर आधी पोचणारे आणि आई गाडी सुटता सुटता येणारी. अशा घरातली मुलगी साधारण असं बोलू शकेल:

"सगळ्यांना नमस्कार. आमच्याकडे गावाला जायचं म्हणजे बाबा तासभर आधी स्टँडवर. खिडकीतून रुमाल टाकून ते तीन जागा धरणार. आई मात्र घरीच. गॅस बंद केला का, नळ नीट बंद आहे का, शेजारच्या काकूंना किल्ली दिली का. कंडक्टर घंटी मारायला निघाला की बाबा म्हणणार, 'आलीच, आलीच.' मग आई धावत येणार आणि बसल्या बसल्या दोघं भांडणार. लहानपणी मला वाटायचं, यांचं एकदाचं ठरत का नाही? खूप उशिरा कळलं की ठरलेलंच होतं. बाबांमुळे आम्ही कधी उभ्यानं प्रवास केला नाही आणि आईमुळे घराची काळजी करत कधी परत फिरलो नाही. दोघांनी एकमेकांना बदलायचं कधीतरी सोडून दिलं असणार. भांडण तेवढं चालू ठेवलं. आता मी पुण्यात मैत्रिणीबरोबर राहते. तिला रात्री सिंकमध्ये भांडी चालत नाहीत, मला सकाळी लवकर उठवत नाही. म्हणून रात्रीची भांडी तिची, सकाळचं दूध आणि कचरा तिच्याकडेच, आणि बाजारहाट सगळा माझा. कुरकुर दोघींची. आई, बाबा, हे मी तुमच्याकडूनच उचललंय."

हे दोन मिनिटांच्या आतच संपतं. यात आईवडील दोघंही थोडे हास्यास्पद आहेत आणि दोघंही बरोबर आहेत. एकट्या वडिलांवर हशा आला असता, तर तराजू कलला असता. मैत्रिणीचा भाग गाळू नये. मुलीच्या वागण्यात काय बदललं ते दिसल्याशिवाय "शिकले" या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. भांडणं, पैसा, आजारपण यांतलं काही सांगायचं असेल, तर आदल्या दिवशी दोघांनाही वेगवेगळं विचारावं. एकजण जरी "राहू दे" म्हणाला, तरी तो प्रसंग काढून टाकावा.

भाषण मोबाइलवरून वाचू नये. नेमक्या वेळी स्क्रीन काळा होतो किंवा वर कोणाचा तरी संदेश येतो. जाड कागदावर मोठ्या अक्षरांत मुद्दे लिहावेत आणि घरी दोनदा मोठ्यानं म्हणून बघावं. गळा कुठे दाटतो ते तिथेच कळतं. बहुधा दोघांना थेट हाक मारताना. त्या जागी कागदावर रेघ मारून ठेवावी, तिथं थांबून श्वास घ्यावा. माइक हनुवटीच्या थोडा खाली धरावा आणि उभं राहताना आईवडील नजरेच्या टप्प्यात असावेत, पाठीमागे नकोत.

बोलून झाल्यावर माइक लगेच मामाकडे देऊ नये. एकदा गाडी चुकली होती ती कोणामुळे, हे सांगायला वडील हात पुढे करतील, आणि ते ऐकून घ्यायला आई तयार नसेल.