दोन महिने शाळा बुडाली, आता दहावीचं काय? सरांना मेसेज करताना या चार गोष्टी लिहा

बुलढाणा : दिवाळी झाली की जिल्ह्यातल्या अनेक गावांतून ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या टोळ्या बाहेर पडतात. आईवडिलांसोबत लेकरंही जातात. कोणाचं दुखणं लांबतं, कोणाचा हात-पाय मोडतो. कारण कोणतंही असो, जानेवारीत पोरगं वर्गात परत येतं तेव्हा फळ्यावर भलताच धडा चालू असतो. मग घरी येऊन मोबाईलवर मेसेज जातो, "सर मी आलो. काय काय झालं? नोट्स पाठवा ना."

या मेसेजला बहुतेक वेळा उत्तर येत नाही, किंवा "वर्गात भेट" एवढंच येतं. सरांना राग आलेला असतो असं नाही. वर्गात पन्नास-साठ मुलं, त्यात दोन-तीन तुकड्या. "काय काय झालं" याचं उत्तर लिहायचं तर दोन महिन्यांचं शिकवणं मोबाईलवर टाईप करावं लागेल. ते कोणाकडून होत नाही. सरांना दोन ओळींत उत्तर देता येईल असा मेसेज केला तर काम होतं. त्यासाठी आधी अर्धा दिवस आपल्याला द्यावा लागतो.

आधी पुस्तक उघडा, मग मोबाईल

एक उदाहरण घेऊ. समजा दहावीची एक मुलगी १० नोव्हेंबर ते ४ जानेवारी शाळेत नव्हती. दिवाळीआधी गणित भाग १ चे पहिले तीन धडे आणि भाग २ चे पहिले तीन धडे तिने वर्गात केले होते. ती नसताना भाग १ मधले अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी झाले. भाग २ मधली भौमितिक रचना, निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती झाली. आता महत्त्वमापन चालू आहे. कोणते धडे झाले एवढी माहिती वर्गातल्या मैत्रिणीकडून पाच मिनिटांत मिळते. त्यासाठी सरांना मेसेज करायची गरज नाही.

बुडालेले सहा धडे म्हटलं की घाबरायला होतं. पण सगळे धडे सारखे अवघड नसतात. ते ओळखायची सोपी पद्धत अशी. प्रत्येक धड्यातलं सोडवलेलं एक उदाहरण नीट वाचायचं, पुस्तक झाकायचं आणि लगतच्या सरावसंचातला पहिला प्रश्न सोडवून पाहायचा. सहा धड्यांना दोन-अडीच तास पुरतात. पुस्तक हाताशी नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते.

यातून तीन ढीग पडतात.

पहिला ढीग म्हणजे घरी बसून होण्यासारखे धडे. अर्थनियोजनात जीएसटीची उदाहरणं आहेत. टक्केवारी येत असेल तर ती जमतात. करपात्र किंमत १,००० रुपये, दर १८ टक्के, म्हणजे कर १८० रुपये. त्यातले ९० केंद्राचे, ९० राज्याचे. दुकानाच्या पक्क्या बिलावर हेच छापलेलं असतं. संभाव्यतेचंही तसंच. मागच्या धड्यावाचून फारसं अडत नाही.

दुसरा ढीग म्हणजे धडा कळतो, पण एका जागी गाडी अडते. सांख्यिकीत मध्य काढायची सरळ पद्धत जमली, गृहीतमध्य पद्धतीत मात्र वजा चिन्हांची बेरीज चुकत गेली. इथे सरांची दहा मिनिटं पुरतात.

तिसरा ढीग जास्त धोक्याचा. त्रिकोणमितीचं उदाहरण वाचलं आणि पहिल्या ओळीपासूनच काही कळलं नाही. अडचण या धड्यात नाही, मागे आहे. साइन, कोसाइन, टॅन यांची ओळख नववीत होते. ती कच्ची असेल तर दहावीचा धडा दहा वेळा वाचूनही डोक्यात शिरत नाही. आधी नववीच्या पुस्तकातला त्रिकोणमितीचा धडा करायचा, मग दहावीचा.

पाया आधी पक्का करायचा, ही गोष्ट सगळ्या राज्याने एकदा करून पाहिली आहे. कोरोनात शाळा बंद राहिल्यावर १ जुलै २०२१ पासून राज्यात ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवला गेला. त्यात नव्या वर्गाचं पुस्तक लगेच सुरू न करता आधी मागच्या इयत्तेतला गरजेचा भाग घेतला होता आणि मधे तीन चाचण्या होत्या. एकट्या मुलीने करायचं तेही याच धर्तीवर, फक्त कमी दिवसांत.

मेसेजमध्ये काय लिहायचं

ढीग पाडून झाले की मेसेज आपोआप तयार होतो. त्यात चार गोष्टी हव्यात : आपण कोण आणि किती दिवस नव्हतो, काय करून पाहिलं, नेमकं कुठे अडलं, आणि सरांकडून एकच काय हवं.

या मुलीचा मेसेज असा असू शकतो :

"नमस्कार सर. मी दहावी ब, हजेरी क्रमांक २३. आईबाबांसोबत ऊसतोडीला गेल्यामुळे १० नोव्हेंबर ते ४ जानेवारी शाळेत नव्हते. गणिताचे सहा धडे राहिले. अर्थनियोजन आणि संभाव्यता मी घरी करत आहे. सांख्यिकीत सरावसंच ६.१ मध्ये गृहीतमध्य पद्धतीला उत्तर चुकते, गणिताचा फोटो सोबत पाठवला आहे. त्रिकोणमिती अजिबात कळत नाही म्हणून आधी नववीचा धडा काढला आहे. माझा क्रम बरोबर आहे का, एवढं सांगा. मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर मी थांबू शकते."

याला सर लिहू शकतात, "क्रम बरोबर. रचना आधी घे, लवकर होईल. मंगळवारी मधल्या सुट्टीत ये." त्यांची एक मिनिट गेली, मुलीचा आठवडा वाचला. शेवटचं वाक्यही महत्त्वाचं आहे. कधी थांबू शकतो हे लिहिलं नाही तर वेळ ठरवायलाच पुढे चार मेसेज लागतात.

फोटो पाठवायचा तर एका फोटोत एकच गणित, दिवसाच्या उजेडात काढलेलं. कोरा प्रश्न पाठवू नये. जिथपर्यंत आलो तिथपर्यंत सोडवून, अडलेल्या ओळीखाली रेघ मारून पाठवावा. कोरा प्रश्न पाहून सरांना फक्त उत्तर देता येतं. अर्धवट सोडवलेल्या गणितात चूक कुठे होते ते दिसतं. पुढचे मेसेज आठवड्याला एक पुरे. गेल्या आठवड्यात काय झालं आणि आता कुठे अडलं, एवढंच त्यात.

वही उतरवली म्हणजे अभ्यास झाला नाही

इथे बरीच मुलं फसतात. मैत्रिणीच्या वहीचे फोटो घ्यायचे आणि दोन रात्री जागून सगळं उतरवून काढायचं. वही पूर्ण होते, घरच्यांनाही बरं वाटतं. पण परीक्षेत आकडे बदलले की पेन थांबतो.

खरं समजलं का ते पाहायची खूण सोपी आहे. निर्देशक भूमितीत (२, ३) आणि (५, ७) या दोन बिंदूंतलं अंतर काढायचं आहे. आडवं अंतर ३, उभं अंतर ४. तिघांचा मिळून काटकोन त्रिकोण होतो, म्हणजे ९ अधिक १६ बरोबर २५, आणि अंतर ५. आयताकृती वावराच्या दोन धुऱ्यांवरून फिरून जाण्यापेक्षा आडवं गेलं तर किती चालावं लागेल, तोच हा हिशेब. आता वही झाकून आपणच दुसरे बिंदू घ्यायचे, (१, २) आणि (६, १४). आडवं ५, उभं १२, म्हणजे २५ अधिक १४४ बरोबर १६९, आणि अंतर १३. ज्याने नुसतं सूत्र उतरवलं तो कोणत्या आकड्यातून कोणता वजा करायचा इथे अडकतो. ज्याला त्रिकोण दिसला तो अडकत नाही. ही परीक्षा त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायची. रात्री सगळंच आल्यासारखं वाटतं.

दोन गोष्टी मेसेजवर सोडू नका

पहिली गोष्ट हजेरीची. दहावीच्या परीक्षेला बसायला मंडळाच्या नियमाप्रमाणे ७५ टक्के हजेरी लागते. समजा शाळा २२० दिवस भरली आणि ४५ दिवस बुडाले, तर हजेरी साडेएकोणऐंशी टक्के राहते. पण वर्षभरात आणखी १२ दिवस गेले असतील तर ती ७४ वर येते. हजेरी कमी पडत असेल तर सूट मिळवण्यासाठी मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जावं लागतं. आपल्या जिल्ह्याला अमरावती विभागीय मंडळ आहे. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत. यासाठी पालकांनी स्वतः शाळेत जाऊन लेखी अर्ज द्यावा. व्हॉट्सॲपवर कळवलं म्हणजे अर्ज दिला असं होत नाही.

दुसरी गोष्ट शाळेच्या हातातल्या गुणांची. गणित आणि विज्ञान या दोन्ही विषयांत १०० पैकी २० गुण शाळा देते. त्यात गृहपाठ, चाचणी, विज्ञानाचे प्रयोग येतात. तुम्ही नसताना झालेले प्रयोग आणि चाचण्या कधी देता येतील हे आल्या आठवड्यातच विचारावं. लेखी परीक्षा २०२५ मध्ये २१ फेब्रुवारीला सुरू झाली होती. शाळेचं हे काम त्याच्याही आधी संपतं. धडा उशिरा वाचता येतो, पण प्रयोगाची तारीख गेली की पुन्हा मिळणं अवघड.

जाण्याआधी हे करा

लहान वर्गातली मुलं सोबत न्यायची असतील तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यावं. मूल कितवीत आहे, त्याला काय येतं, हे त्यावर लिहिलेलं असतं. त्यामुळे कामाच्या गावच्या शाळेत बसवता येतं आणि परत आल्यावर आपल्या शाळेतही. जास्त दिवस बुडालेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घेऊन विशेष शिकवणी द्यायची तरतूद २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे. हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे.

दहावीचं लेकरू नेणं टाळता आलं तर उत्तमच. नाहीच टळलं तर निघण्याच्या आदल्या दिवशी सरांना विचारावं की या दोन महिन्यांत कोणते धडे होणार. त्यातले घरी होण्यासारखे दोन धडे तरी फडावर, कोपीत करता येतात. मग जानेवारीत सहा नाही, चारच धडे शिल्लक राहतात.