बाबांचा पिन बाबांकडेच राहू दे!

हॉस्टेलवर राहताय आणि मेसचे पैसे भरायला बाबांचा यूपीआय पिन पाठ करून ठेवलाय? मग ‘यूपीआय सर्कल’ बघाच. यात बाबा त्यांच्या खात्यातून पैसे भरायची परवानगी तुम्हाला देतात. त्यांनी त्यांच्या अ‍ॅपमधून तुमचा क्यूआर कोड स्कॅन करायचा आणि पिन स्वतःच्याच फोनवर टाकायचा. तुम्हाला तो कळायची गरजच नाही.

परवानगी दोन प्रकारची. पूर्ण दिली, तर महिन्याला जास्तीत जास्त १५ हजार आणि एका वेळी ५ हजारांपर्यंत तुम्ही परस्पर भरू शकता. अर्धवट दिली, तर दर वेळी त्यांचा होकार लागतो. समजा, मेसचं बिल ३,२०० रुपये. तुम्ही स्कॅन केलं की बाबांच्या फोनवर रिक्वेस्ट जाते. ते रक्कम बघून पिन टाकतात, बिल भरलं! (बाबा मीटिंगमध्ये असतील तर मात्र काउंटरवर ताटकळा.)

आता कुणी फोन करून म्हणालं, ‘सर्कल सुरू करून देतो, ओटीपी सांगा’, तर फोन कट करा. सर्कलसाठी कुणालाही पिन किंवा ओटीपी सांगावा लागत नाही. घरच्यांनाही बजावा: अनोळखी माणसाने पाठवलेला क्यूआर स्कॅन करून पूर्ण परवानगी दिली, तर पिन न विचारता पैसे जातील. तुमचा फोन हरवला, तर आधी घरी कळवा; बाबा अ‍ॅपमधून तुमचं नाव लगेच काढू शकतात. पैसे गेलेच असतील, तर १९३० वर तक्रार करा.